ट्रॅव्हल्सने गाडी रद्द केली: पैसे खात्यात घ्यावेत की क्रेडिट नोट?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वाकडच्या पुलाखाली बॅगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला संध्याकाळी सहाला फोन येतो: "साहेब, आजची नागपूर गाडी कॅन्सल आहे. क्रेडिट नोट देतो, वर दहा टक्के जास्त." त्या क्षणी माणूस पुढची गाडी शोधण्याच्या घाईत असतो, म्हणून पटकन 'हो' म्हणतो. त्या एका 'हो'चा हिशोब आधीच करून ठेवलेला बरा.

समजा, दोघांची तिकिटं १,८०० रुपयांप्रमाणे ३,६०० ची होती. क्रेडिट नोट मिळाली ३,९६० ची. मुदत सहा महिने, वापर एकदाच, त्याच ट्रॅव्हल्सच्या गाडीसाठी. तुम्ही जानेवारीत परत नागपूरला निघालात. गर्दी ओसरलेली असते, तिकीट १,२०० वर आलेलं असतं, दोघांचे झाले २,४००. उरलेले १,५६० नोट एकदाच चालते म्हणून बुडाले. म्हणजे ३,६०० रोख देऊन तुम्ही २,४०० चा प्रवास घेतलात. सणाच्या चढ्या दराने भरलेले पैसे साध्या दिवसांच्या तिकिटात वापरले की असंच होतं, आणि दहा टक्क्यांचा बोनस ते भरून काढत नाही.

खात्यात परतावा घेतला तर ३,६०० परत येतात, फक्त लगेच नाही. यूपीआयने भरले असतील तर बऱ्याचदा एक-दोन दिवसांत येतात, कार्डाला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात. आज रात्रीच्या दुसऱ्या गाडीचे पैसे तुम्हाला खिशातूनच घालावे लागतात, ही या पर्यायाची खरी अडचण. पण क्रेडिट नोटनेही ती सुटत नाही, कारण त्याच ट्रॅव्हल्सची आज दुसरी गाडी नसेल तर नोट आज काहीच कामाची नाही. त्यांच्याकडे आज रात्रीच्या दुसऱ्या गाडीत सीट असेल, तर मात्र नोट न घेता तिकीटच त्या गाडीवर बदलून मागा.

नोट घ्यावी असा एक प्रसंग मला पटतो. तुम्ही दर पंधरवड्याला पुणे–लातूर करता, नेहमी त्याच गाडीने, आणि नोटमधली रक्कम थोडी थोडी वापरता येते. मग बोनस खरा आहे. पण तीन गोष्टी लेखी मागा: मुदतीची तारीख, उरलेली रक्कम टिकते का, आणि सणाच्या दिवशी चालते का. फोनवरचं "चालेल ना साहेब" पुढे सिद्ध करता येत नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे अडकतात ती जागा. ट्रॅव्हल्सचा माणूस म्हणतो, "तुम्हीच अ‍ॅपवरून कॅन्सल करा, पैसे येतील." कृपा करून ते बटण दाबू नका. दाबलंत की नोंद 'प्रवाशाने रद्द केलं' अशी होते आणि रद्द करण्याचं शुल्क कापलं जातं. सुटायला दोन-तीन तास उरले असतील तर काहीच परत येत नाही असेही नियम असतात. गाडी त्यांनी रद्द केली आहे, तर तशी नोंदही त्यांनीच करायची. फोन ठेवल्याबरोबर मेसेज पाठवा: "आजची गाडी तुमच्याकडून रद्द झाली आहे. मला क्रेडिट नोट मान्य नाही. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करा आणि संदर्भ क्रमांक कळवा."

'त्याच खात्यात' याचा अर्थही नीट समजून घ्या. तिकीट संगमवाडीच्या एजंटाने त्याच्या खात्यातून काढलं असेल तर परतावा एजंटाकडे जातो, मित्राने काढलं असेल तर मित्राकडे. काही रक्कम वॉलेटमधून भरली असेल तर तेवढी वॉलेटमध्येच परत येते.

'रिफंड पाठवला' असं अ‍ॅपवर दिसलं आणि आठवड्यानंतरही खातं तसंच असलं, तर परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा. यूपीआयचा आरआरएन बारा अंकी असतो, कार्डाचा एआरएन साधारण तेवीस अंकी. तो क्रमांक बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते त्यांना शोधता येतं. ट्रॅव्हल्सवाले क्रमांकच देत नसतील तर बहुधा पैसे अजून निघालेलेच नाहीत.

नोटच घ्या म्हणून अडून बसले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. त्यांना एक दाखलाही देता येतो: ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला कंपनीला बजावलं की परतावा बँक खात्यात हवा की कूपनमध्ये, हे ग्राहकाने ठरवायचं. तो आदेश टॅक्सीचा होता, पण प्रश्न तोच आहे. तक्रारीला तिकीट, गाडी रद्द झाल्याचा मेसेज आणि तुमचा नकाराचा मेसेज जोडा. नोट स्वीकारल्याचं बटण आधीच दाबलेलं असेल, तर हीच तक्रार बरीच कमकुवत होते.