सिलिकॉन आणि हिरा: फरक फक्त दरीचा

दोघांच्या अणूंची रचना सारखीच: प्रत्येक अणूला चार शेजारी, बंधांत चार इलेक्ट्रॉन. तरी सिलिकॉन अर्धवाहक आणि हिरा विसंवाहक. असं का?

स्फटिकात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांचे पट्टे बनतात. दोघांतही खालचा पट्टा गच्च भरलेला, वरचा रिकामा. भरलेल्या पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनला सरकायला मोकळी जागाच नसते, म्हणून प्रवाह शून्य. तांब्याचा पट्टा मुळातच अर्धा भरलेला, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

आता दोन पट्ट्यांमधली दरी पाहा. सिलिकॉनमध्ये ती सुमारे 1.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिऱ्यात 5.5. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा जेमतेम 0.025. तरी सिलिकॉनच्या दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे 10¹⁰ इलेक्ट्रॉन वर पोचतात. हिऱ्यात जवळपास एकही नाही, कारण दरी पाचपट झाली की ही संख्या पाचपट नाही, घातांकी वेगाने घसरते.

हाच फरक डोळ्यांनाही दिसतो. दृश्य प्रकाशाची ऊर्जा साधारण 1.6 ते 3.1. सिलिकॉन तो गिळतो, म्हणून करडा आणि अपारदर्शक. शुद्ध हिऱ्यातून तो आरपार जातो.

पण हिरा कायमचा विसंवाहक, असं मात्र समजू नका. त्यात थोडं बोरॉन मिसळलं की तो निळसर होतो आणि वीज वाहू लागते. बोरॉनची पातळी खालच्या पट्ट्यापासून 0.37 वरच असते. तिथे इलेक्ट्रॉन चढला की मागे मोकळी जागा उरते.