पावलाची लांबी: 1/L की 2/(L+μ)?

f(x, y) = ½(x² + 9y²) या फलनाच्या हेसियनची आयगेनमूल्ये μ = 1 आणि L = 9 आहेत. पावलाची लांबी α ठेवून ग्रेडियंट डिसेंट चालवल्यास प्रत्येक फेरीत x ला (1 − α) ने आणि y ला (1 − 9α) ने गुणले जाते, म्हणून α हे 2/9 पेक्षा कमी असणे अनिवार्य ठरते.

α = 1/9 घेतल्यास y पहिल्याच फेरीत शून्य होतो; x मात्र दर फेरीला 8/9 पटच उरतो आणि त्रुटी हजारपट कमी व्हायला ५९ फेऱ्या लागतात. α = 0.2 घेतल्यास गुणक 0.8 आणि −0.8 येतात, त्यामुळे y चे चिन्ह दर फेरीला पालटत राहते, पण तेच काम ३१ फेऱ्यांत उरकते.

कागदावर दुसरा पर्याय सरस आहे, तरीही प्रत्यक्षात L बहुधा अंदाजानेच घ्यावा लागतो. तो ९ मानला आणि खरा ११ निघाला, तर 0.2 चा गुणक −1.2 होऊन y फेरीगणिक वाढत जातो, तर 1/9 चा गुणक सुमारे −0.22 राहतो. त्यामुळे L ची खात्री नसताना मी 1/L च निवडेन. फलनाचे मूल्य एखाद्या फेरीत वाढलेले दिसले, तर α मर्यादेबाहेर गेला आहे असे समजावे.