एकच दोहा, केरव्यात की दादऱ्यात?

आपल्या विदर्भातल्या गावोगावच्या भजनी मंडळांत खंजिरीवर कबीराच्या नावाचा हा दोहा हमखास येतो:

दुख में सुमिरन सब करे, सुख में करे न कोय।
जो सुख में सुमिरन करे, दुख काहे को होय॥

ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन मात्रा धरा: दुख २, में २, सुमिरन ४, सब २, करे ३, म्हणजे १३. पुढचा चरण ११.

केरवा ८ मात्रांचा. समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली, तर पहिल्या चरणात १ आणि ९ व्या मात्रेवर ‘दुख’ आणि ‘सब’ येतात, दुसऱ्यात ‘सुख’ आणि ‘कोय’. दुःखात सगळेच, सुखात कोणीच नाही: अर्थाचा सगळा विरोध ठेक्यावरच उभा राहतो. चरणानंतर उरलेल्या ३ आणि ५ मात्रा टाळकऱ्यांच्या.

६ मात्रांच्या दादऱ्यात ७ वी मात्रा ‘सुमिरन’मधल्या ‘र’वर पडते, शब्द मधेच तुटतो आणि ‘सब’ निसटतो. पाचव्या मात्रेवरून उचललं, तर सम ‘में’ आणि ‘सब’वर, पुढे ‘में’ आणि ‘कोय’वर येते. चाल हळवी होते, पण ‘दुख-सुख’चा ठोसा जातो. मला या दोह्याला केरवाच हवा.

एक सांभाळा: मराठी सवयीनं ‘दुःख’ म्हटलं की त्याच्या ३ मात्रा होतात. मग केरव्यात ‘सब’ समेनंतर एक मात्रा उशिरा येतो आणि खंजिरीची थाप ‘सुमिरन’च्या ‘न’वर पडते.