बोंडअळीचा मजकूर: उपशीर्षक नावाचं की वाक्याचं?

कापूस उत्पादकांच्या वार्तापत्रात गुलाबी बोंडअळीचा सलग मजकूर तोडायचा, तर उपशीर्षक दोन प्रकारे देता येतं. ‘कीड व्यवस्थापन’ असं नुसतं नाव दिलं की जागा वाचते, पण वरवर चाळणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग? फवारणीची वेळ झाली’ हे दोन ओळी खातं, तरी खालचं न वाचताही मुद्दा कळतो. आमची पसंती यालाच. मात्र मोबाइलवर ते तिसऱ्या ओळीत गेलं, की परिच्छेदासारखंच दिसतं आणि नजर पुढे घसरते.

तेच वाक्य चौकटीतल्या ठळक उद्धरणात पुन्हा टाकू नका. तिथे दुसरा मुद्दा हवा, जसं ‘फरदड घेऊ नका’. प्रत्येक उपशीर्षकाखाली तीन-चार वाक्यं पुरेत. बाजारभावाच्या तक्त्याला मात्र नावाचंच उपशीर्षक बरं.