वर्नियर घ्यावा का मायक्रोमीटर: पिनच्या जॉबसाठी माझं मत

उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत छोटी शेड टाकणारी पोरं हल्ली विचारतात, दादा बजेट एकाचंच आहे, चांगला डिजिटल वर्नियर घेऊ का मायक्रोमीटर? रेंज, लीस्ट काउंट वगैरे तुम्हाला माहितीय, ते सोडतो. मी दोन्ही वापरतो, आणि वर्नियरला वाईट म्हणायचं नाही मला. स्टेप, खोली, आतला व्यास सगळं एकाच हत्यारात होतंय, कास्टिंगवर तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण २० एच७ ची पिन टर्न करत असाल तर थांबा जरा.

ती पिन १९.९७९ ते २०.००० मध्ये बसली पाहिजे, म्हणजे हातात २१ मायक्रॉन. आता वर्नियरची स्केल कुठाय तर वरच्या पट्टीवर, आणि जॉब धरलाय खाली जबड्यात. मोजायची रेघ एकीकडं, स्केलची रेघ दुसरीकडं, मधे अंतर. सरकणाऱ्या जबड्याला पट्टीवर जरा जरी खेळ असला की अंगठ्यानं दाबल्यावर तो तिरका होतो, पट्टीपाशी पुढं जातो आणि टोक मागं राहतं. स्केलला वाटतं जबडा पुढं आलाय, म्हणून रीडिंग कमी दाखवतो. चूक किती तर ते अंतर गुणिले तिरकेपणा (कोन रेडियनमध्ये धरायचा), बास. यालाच आबे एरर म्हणतात, जर्मनीत येना गावी झाइसच्या कारखान्यात काम करणाऱ्या अर्न्स्ट आबेनं १८९० मध्ये हे तत्त्व मांडलं: मोजायची लांबी स्केलच्याच रेषेत, तिच्या पुढं सरळ यायला पाहिजे.

आकडे घालून बघा. सरकणारा भाग पट्टीवर साधारण ५० मिमी टेकलाय आणि वापरून वापरून ३० मायक्रॉनचा खेळ झालाय असं धरा. तिरकेपणा झाला ०.०३ भागिले ५०, म्हणजे ०.०००६ रेडियन. पिन पट्टीपासून १० मिमीवर धरली तर चूक ६ मायक्रॉन, तीच टोकाला ४० मिमीवर धरली तर २४ मायक्रॉन. म्हणजे अख्खा टॉलरन्स गिळून वर ३ मायक्रॉन जास्तीच, आणि पिनला कुणी हात लावलेला नाही!

मला जे खटकलं ते हेच. चूक ठरलेली असती तर वजा करून टाकली असती, पण ती अंगठ्यावर आणि जॉब कुठं धरला यावर बदलते. सकाळच्या शिफ्टचा पोरगा पिन आत सरकवून धरणार, रात्रीचा टोकात धरणार, दोघांचं रीडिंग वेगळं आणि दोघंबी म्हणणार माझंच बरोबर. त्यात एका पार्टीच्या इन्स्पेक्शनला तिसराच आकडा. डिजिटल घेतला तरी हा रोग जात नाही, डिस्प्ले फक्त तीच तिरकी गोष्ट ऐटीत दाखवतो.

मायक्रोमीटरमध्ये स्क्रूचा आस, म्हणजे स्पिंडल, आणि जॉब एकाच रेषेत. ती रेष तेवढ्याच ०.०००६ नं तिरकी झाली तरी २० मिमीवर फरक मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा पडत नाही, कारण इथं कोनाचा वर्ग येतो, आणि मधलं अंतर शून्य असल्यानं गुणायला काही उरतच नाही. बाकीच्या चुका राहतातच बरं का, दाब जास्त दिला तर फ्रेम ताणते, म्हणून रॅचेटनंच बंद करायचा, आणि तापलेला जॉब मशीनवरून काढल्या काढल्या मोजायचा नाही. पण त्या चुका आवरता येतात.

जुना वर्नियर असेल तर टाकायच्या आधी बघून घ्या. २० चा स्लिप गेज घ्या, एकदा पट्टीजवळ धरा, एकदा टोकात, सारख्याच दाबानं. दोन्हीत ०.०१ च्या वर फरक आला की सरकत्या भागाच्या वरचे बारीक स्क्रू जरा आवळा, जबडे मिटून उजेडाकडं धरा, टोकात फट दिसते का बघा. फट दिसत असेल तर जबडेच झिजलेत, मग आवळून काही होणार नाही. आणि वर्नियरच वापरायचा झाला तर जॉब कायम पट्टीजवळ धरायची सवय लावा, चूक तिथं सगळ्यात कमी.

आता तुमचं काम ०.१ च्या टॉलरन्सचं, रफ कास्टिंगचं असेल तर मायक्रोमीटरवर पैसे घालू नका, मी तरी घालणार नाही. पण एच७ ची ऑर्डर हातात असेल तर माझ्यामते ०–२५ चा मायक्रोमीटर आधी घ्या, वर्नियर शेजारच्या शेडमधनं मागून चालतोय.