शेकरने माझ्या ‘सहा’चं ‘दहा’ केलं: एका युकुलेले ट्रॅकचा सात महिन्यांचा अनुभव

स्वयंपाकाच्या व्हिडिओंसाठी हा ट्रॅक मी सात महिन्यांपूर्वी परवान्यासकट विकत घेतला. गिटार, युकुलेले, टाळ्या, मागे खुळखुळ्यासारखा वाजणारा शेकर आणि मध्ये थोडी शिट्टी. चाल खेळकर, शब्द नाहीत. पहिले दोन महिने मी खूश होते.

मग एका बाईंनी कळवलं की त्यांनी झाकण दहा मिनिटं ठेवलं आणि भांडं तळाला करपलं. मी तर सहा मिनिटं म्हटलं होतं. मोबाईलवर तो भाग ऐकला तेव्हा कळलं, ‘सहा’मधला ‘स’ शेकरच्या ठोक्याखाली पुरता गाडला गेला होता. दुसऱ्याचं भांडं माझ्यामुळे करपलं, हे मला फार लागलं.

आधी संगीताचा आवाज कमी करत गेले. माझ्या आवाजाच्या १८ डेसिबल खाली होतं, ते २६ खाली नेलं. झालं उलटंच. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर गिटारचा खालचा भरीव सूर मुळातच कमी येतो, तो आता गेलाच. शेकरची खसखस तेवढी उरली. ‘स’, ‘श’ यांची फुसफुस साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते आणि शेकरही तिथेच वाजतो. सगळंच खाली आणलं की संगीताचा जीव जातो, पण हे भांडण काही मिटत नाही.

पुढे डकिंग लावलं, म्हणजे मी बोलले की संगीत आपोआप दबतं. पण मी वाक्यावाक्यात थांबते, आणि प्रत्येक थांब्यात संगीत उसळून वर यायचं. परत वर येण्याचा वेळ २०० मिलिसेकंदांवरून दीड सेकंद केला, तेव्हा ती उसळी थांबली. ‘स’ मात्र अजूनही अधूनमधून हरवत होता.

इथे मी ट्रॅकला एक तारा द्यायच्या बेतात होते. दुसरा विकत घ्यायला मन होईना, म्हणून डाउनलोड केलेलं फोल्डर पुन्हा उघडलं. आत प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल होती! सात महिने ती तिथेच पडून होती. शेकर आणि शिट्टी काढली, गिटार, युकुलेले आणि टाळ्या ठेवल्या. युकुलेलेच्या झंकाराची धार २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये व्यंजनांना आडवी येते, म्हणून ३ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद पट्ट्यात ३ डेसिबल उतरवले. आता संगीत पुन्हा १८ खाली आहे, उत्साह तसाच आहे आणि ‘सहा’ हे ‘सहा’च ऐकू येतं. शेकरची उणीव तेलाची तडतड भरून काढते.

म्हणून तारे चार. पाचवा कापला तो शिट्टीसाठी. तीच मुख्य धून वाजवते, आणि धून सुरू झाली की कान बोलणं सोडून तिच्यामागे जातो. आता ती फक्त शेवटी ताट दाखवताना वाजते, कारण तेव्हा मी गप्प असते.