गृहकर्जाच्या हप्त्यात दडवलेला 92,000 चा विमा

रिसेल फ्लॅटसाठी 26 लाखांचं कर्ज घेतलं. व्याज 8.75 टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 22,976. रिलेशनशिप मॅनेजरने हे आकडे स्वतःच्या हाताने लिहून दिले होते, तो कागद अजून माझ्याकडे आहे. पहिला हप्ता कापला गेला 23,789 चा. विचारलं तर म्हणे, "सर, आधीच्या दिवसांचं व्याज आहे, पुढच्या महिन्यात बरोबर होईल." झालं नाही. तिसऱ्या हप्त्यानंतर स्टेटमेंट काढलं, तेव्हा कर्ज 26,92,000 निघालं. वरचे 92,000 म्हणजे एका आयुर्विम्याचा एकरकमी प्रीमियम!

विम्यासाठी मी वेगळी सही केलेली नाही. फाइलमध्ये चाळीसेक सह्या झाल्या, त्यात एक फॉर्म कोराच होता. त्यानंतर ओटीपी. "सर, लोनचाच आहे, पटकन सांगा." त्या मेसेजच्या पहिल्याच ओळीत विमा कंपनीचं नाव होतं. डोळ्यांसमोर होतं, तरी मी सहा आकडे वाचून दाखवले. पण फ्लॅटमालक रजिस्ट्रेशनसाठी ताटकळत बसलेला, मार्चअखेर, आणि समोर बँकेचा माणूस. तिथे ओटीपी वाचत बसतो का कोणी? आता वाचा. दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं की तोंड बंद ठेवा.

त्याच्या मोबाइलवर सतत ग्रुपचे मेसेज येत होते, "आज विमा किती झाला?" टार्गेट त्याला आहे, कबूल. खातं उघडा म्हणाला, मी उघडलं. कार्ड विचारलं, मी नको म्हटलं, विषय संपला. विचारून विकणं इतकंच असतं. घराला आगीचा विमा बँक मागू शकते, पण कर्ज हवं तर अमुकच कंपनीचा आयुर्विमा घ्या, अशी सक्ती तिला करता येत नाही. मला तर विचारलंही नाही.

आणि घेतला काय, तर कर्ज 20 वर्षांचं, संरक्षण 5 वर्षांचं! हप्त्यातले वाढीव 813 रुपये मात्र 240 महिने, म्हणजे व्याजासकट सुमारे 1 लाख 95 हजार.

शाखा म्हणते, विमा कंपनीकडे जा. कंपनी म्हणते, ओटीपीने संमती दिलीत, पॉलिसी परत करायचे, म्हणजे फ्री लूकचे 30 दिवसही उलटले. पॉलिसी ईमेलने आली होती म्हणे, स्पॅममध्ये सापडली. बँकेच्या तक्रार विभागाने तर महिनाभर बसून एका ओळीत उत्तर दिलं, "ग्राहकाच्या संमतीने." हप्ता वाढला त्याचं खोटं कारण कोणी दिलं, यावर अक्षर नाही. मॅनेजरची बदली झाली.

कर्ज खात्यात पडताच स्टेटमेंट मागा, हप्त्याची वाट पाहू नका. तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेलच करा. माझा हप्त्याचा प्रश्न फोनवर झाला, म्हणून पुरावा नाही. 30 दिवसांत असाल तर थेट विमा कंपनीला लेखी कळवा. मी आता तो हाताने लिहिलेला कागद जोडून विमा लोकपालांकडे अर्ज केला आहे. 813 अजून कापले जात आहेत.